सुनंदाला, डिस्चार्जच्या आधी

नाशिक, रविवार

प्रिय सुनंदा,

काल भाऊजींचा फोन आला होता. ऑपरेशन नीट झालं, गर्भपिशवी आणि गाठी दोन्ही निघाल्या, परवा घरी सोडतील, असं सगळं सांगून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "तिचं पोट मात्र अजून साफ झालेलं नाही. पण हे डॉक्टरांना काय सांगायचं!" अगं, हेच तर सांगायचं. सर्जिकल वॉर्डात अख्खी नोकरी गेली माझी. टाक्यापेक्षा या एका गोष्टीने रडकुंडीला आलेल्या बायका मी जास्त पाहिल्यात. तेव्हा लाज बाजूला ठेव आणि हे पत्र घरी जायच्या आत वाच.

पोट उघडून ऑपरेशन झालं की आतडी काही काळ गप्प बसतात. लहान आतडं साधारण दिवसभरात कामाला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन ते तीन दिवसांनी हलायला लागतं. म्हणून राउंडला सर्जन रोज "गॅस पास झाला का?" विचारतात. तुझा झालाय असं भाऊजी म्हणाले, म्हणजे गाडी सुरू झालीये. आता शौचाला न होण्याचं कारण बहुधा तुझ्या औषधांच्या ट्रेमध्ये आहे.

ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची औषधं अफूच्या जातीतली. ती मेंदूला होणारी दुखण्याची जाणीव कमी करतात तशीच आतड्याची हालचालही मंद करतात. मळ आत रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो खड्यासारखा होतो. झोप, मळमळ यांची शरीराला हळूहळू सवय होते. बद्धकोष्ठाची होत नाही. गोळी चालू आहे तोवर त्रास चालू. त्यात उलटी होऊ नये म्हणून देतात ते ऑन्डान्सेट्रॉनही पोट बांधतं, आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या लागल्या की बघायलाच नको.

माझ्या जाऊबाईंचं सांगते. बेंबीच्या हर्नियाचं उघडं ऑपरेशन, जाळी बसवलेली. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. कागदावर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी, लोह, कॅल्शियम, अँटिबायोटिक, पित्ताची गोळी. पोट साफ व्हायचं औषध मात्र नाही. घरी सगळ्यांनी "हलकं खा" म्हणून पेज आणि मऊ भातावर ठेवलं. रात्री उठायला नको म्हणून त्या पाणीही कमी प्यायच्या. पाचव्या दिवशी कोणीतरी इसबगोल दिलं, तेही अर्धा कप पाण्यात. मंद आतड्यात वर पाणी कमी, मग तो चोथा आत फुगून बसला आणि पोट आणखी तट्ट झालं. आठव्या दिवशी पातळ पाण्यासारखं लागलं, कपडे खराब झाले. घरच्यांना वाटलं जुलाब, म्हणून जुलाब बंद व्हायची गोळी दिली! खरं तर खाली मळाचा घट्ट गोळा अडकला होता आणि त्याच्या कडेने वरचं पातळ तेवढं गळत होतं. शेवटी दवाखान्यात बोटाने काढावा लागला, मग एनिमा. जाळीवर ताण येईल म्हणून कुंथायची सोय नाही आणि कुंथल्याशिवाय होत नाही, अशी अवस्था झाली होती त्यांची.

यातलं निम्मं दुखणं वॉर्डातच टळलं असतं. लॅक्ट्युलोज नावाचं गोड सिरप असतं, साधारण 15 ते 30 मिली रात्री. ते मळात पाणी धरून ठेवतं, पण गुण यायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून घरी जाऊन अडकल्यावर नाही, तर आत असतानाच सुरू झालेलं बरं. त्याने पोटात वारा धरतो; टाक्यांमुळे तो सहन होत नसेल तर पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर, 17 ग्रॅम ग्लासभर पाण्यात, हा चांगला पर्याय. अफूच्या जातीची गोळी चालू असेल तर नुसतं मऊ करून भागत नाही, आतड्याला ढकलावंही लागतं; त्यासाठी बिसाकोडिल, 5 मिलीग्रॅमची एक किंवा दोन रात्री, म्हणजे सकाळी काम होतं. मळ मऊ करणारं डोक्युसेट एकटं लिहून दिलं तर मला फारसा भरवसा नाही. अर्थात तुझ्यासाठी काय आणि किती, हे तुझे सर्जनच ठरवतील. तू फक्त विचार. आणि एनिमा किंवा खालून ठेवायची सपोझिटरी त्यांना विचारल्याशिवाय कोणाकडूनही घेऊ नकोस.

आता चालणं. सिस्टर उठवतात तेव्हा तोंड वाकडं करतेस असं कळलं! उताण्या स्थितीतून सरळ उठायचं नाही. गुडघे मुडप, कुशीवर वळ, पाय कॉटवरून खाली सोड आणि हाताच्या कोपराने स्वतःला वर ढकल; दुसऱ्या हाताने टाक्यावर उशी दाबून धर. कडेला दोन मिनिटं बस. चक्कर आली नाही तरच उभी राहा, पहिल्यांदा कोणाला तरी धरून. लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे. दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने निघ आणि दिवसातून चार-पाचदा थोडंथोडं चाल. एकदाच लांब जाऊन दमू नकोस. पण एक खरं सांगते, चालल्याने पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका कमी होतो, छाती मोकळी राहते, भूक लागते; नुसत्या चालण्याने शौचाला होईलच असं नाही. मी रोज फेऱ्या मारते, मग औषध कशाला, असं म्हणणारे पेशंट पुष्कळ पाहिलेत.

डिस्चार्जचा कागद हातात आला की भाऊजींना त्यावर तीन गोष्टी विचारायला सांग. यातली अफूच्या जातीची गोळी कोणती आणि ती किती दिवस? ती बंद करून साध्या पॅरासिटामॉलवर कधी यायचं? (तिच्यात आधीच पॅरासिटामॉल मिसळलेलं असेल तर दोन्ही एकत्र घ्यायचं नाही, हेही.) आणि लोहाची गोळी लगेच हवी की पोट मार्गी लागल्यावर चालेल?

घरी सकाळी चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात जाऊन बस, कारण खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप आकुंचन पावतं. कमोडवर बसून पायाखाली छोटा पाट घे, पोटावर उशी धर, श्वास कोंडू नकोस. दहा मिनिटांत नाही झालं तर उठ.

मात्र पोट फुगत चाललं, उलट्या झाल्या, वारा सरायचा बंद झाला, ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं, तर कोणतंही रेचक न घेता तडक दवाखाना गाठा. तेव्हा ते बद्धकोष्ठ नसून आतडं अडलेलं असू शकतं, आणि अशात ढकलणारं औषध घातक.

तुमच्याकडे खालचाच संडास आहे ना? टाके ओले असताना उकिडवं बसून उठणं जमणार नाही. जाऊबाईंसाठी घेतलेली कमोडची खुर्ची आमच्या माळ्यावर पडून आहे. मंगळवारी सुधीर पुण्याला येतोय, त्याच्या गाडीत टाकते. भाऊजींना दुपारी घरी थांबायला सांग.

तुझी,
मंगल