तक्रार: भाव दोन्ही बाजूंना हलतो, स्लिपेज मात्र माझ्याच विरुद्ध लागते

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: मार्केट ऑर्डरमधील एकतर्फी स्लिपेज आणि ऑर्डरच्या मूळ नोंदी मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात मी याबद्दल फोन केला, तेव्हा "बाजार वेगात असला की स्लिपेज होणारच" असे उत्तर मिळाले. ते मला मान्य आहे. बटण दाबल्यापासून सौदा होईपर्यंत भाव हलतो, आणि त्यासाठी मी कोणाला दोष देत नाही. पण भाव दोन्ही बाजूंना हलतो. माझ्या खात्यात मात्र फक्त तोट्याची बाजू उतरते.

मी प्रत्येक सौद्याची वहीत नोंद ठेवते. बटण दाबण्याच्या क्षणी स्क्रीनवर दिसणारा भाव (खरेदीला विक्रेत्याचा, विक्रीला खरेदीदाराचा) मी तिथल्या तिथे टिपते आणि स्क्रीनचे चित्र जपून ठेवते. नंतर आठवून लिहिलेल्या भावावर माझाच विश्वास नाही. प्रत्यक्ष मिळालेला भाव मी आपल्या सौदापत्रकातून घेते.

एक नोंद उदाहरणादाखल देते. ४०० शेअरची खरेदी होती, स्क्रीनवर भाव २५०.४० होता आणि त्या भावाला १२०० शेअर विकायला दिसत होते. मला १५० शेअर २५०.४५ ला आणि २५० शेअर २५०.५५ ला मिळाले. संख्येनुसार भारित सरासरी २५०.५१२५ येते, म्हणजे दर शेअरमागे ०.११२५ जास्त. मूळ भावाशी प्रमाण काढले तर हे सुमारे ४.५ बेसिस पॉइंट होतात. वेगवेगळ्या भावांचे शेअर एकाच मापाने मोजता यावेत म्हणून सगळा हिशेब मी बेसिस पॉइंटमध्येच ठेवते.

अशा एका नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून मी चार महिने थांबले. या तक्रारीत फक्त मार्केट ऑर्डर घेतल्या आहेत. स्टॉप-लॉस मुद्दाम वगळले, कारण ते भाव विरुद्ध जात असतानाच सुटतात आणि त्यांचे स्लिपेज तोट्याकडे झुकणे स्वाभाविक आहे. लिमिट ऑर्डरला ठरवलेल्यापेक्षा वाईट भाव मिळूच शकत नाही, म्हणून त्याही काढल्या. समोर दिसणाऱ्या संख्येपेक्षा मोठ्या ऑर्डरही घेतल्या नाहीत. उरल्या २१२.

त्यांतील ११८ मला दिसलेल्याच भावाला झाल्या, ८७ वाईट भावाला आणि ७ चांगल्या भावाला. सर्व २१२ ची सरासरी काढली तर तोटा जेमतेम १.६ बेसिस पॉइंट दिसतो. बरेच दिवस मी एवढीच सरासरी पाहत होते आणि हा बाजाराचा खर्च आहे असे समजून गप्प बसत होते. आकडा लहान असल्यामुळे त्याची बाजू तपासायचे सुचलेच नाही.

मग मी प्रत्येक ऑर्डरनंतरच्या एका सेकंदात भाव कुठे गेला, हे दुसऱ्या स्वतंत्र सेवेच्या दर सेकंदाच्या भावनोंदींवरून पाहिले. ९६ वेळा तो माझ्या विरुद्ध गेला होता, ८९ वेळा माझ्या बाजूने, आणि २७ वेळा जागचा हलला नव्हता. बाजाराने जवळपास समान वागणूक दिली. पण विरुद्ध गेलेल्या ९६ पैकी ८७ वेळा नवा, वाईट भाव माझ्या माथी आला, आणि बाजूने गेलेल्या ८९ पैकी ८२ वेळा मला जुनाच भाव दिला गेला. त्यांतली एक विक्री १८१.२० ची आहे. सेकंदभरात खरेदीदाराचा भाव १८१.३० झाला होता, तरी मला १८१.२० च मिळाले.

एका सेकंदाचे माप ढोबळ आहे आणि माझ्या स्क्रीनवरचा भाव थोडा मागे असू शकतो, हे मी धरून चालते. त्यामुळे काही नोंदी चुकीच्या खान्यात गेल्या असतील. पण तशी चूक दोन्ही बाजूंना सारखी विखुरली असती. ८७ आणि ७ हा फरक तिने पडत नाही. करारानुसार माझ्या ऑर्डरची समोरची बाजू आपली कंपनीच घेते, म्हणून उत्तरही आपणच द्यायचे आहे.

प्रत्येक ऑर्डर आपल्या सर्व्हरवर किती वाजता पोहोचली, त्या क्षणी आपला भाव काय होता आणि सौदा कधी झाला, या नोंदी मला मिलिसेकंदासह हव्या आहेत. ऑर्डर स्वीकारण्याआधी ती रोखून भाव पुन्हा तपासला जातो का, आणि भावातील फरकाची मर्यादा दोन्ही बाजूंना एकच आहे का, हेही लेखी कळवावे. त्या ८२ ऑर्डरचा फरक आपल्याच नोंदींवरून मोजून माझ्या खात्यात जमा करावा.

वहीची प्रत आणि २१२ स्क्रीनचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली,
एक खातेदार