मुलांची भेळ आणि एक्कावन्नावी प्लेट

वडगाव, बेळगाव

प्रिय मित्रा,

फोनवर तू म्हणालास की तुमच्या खानापूरच्या शाळेतही यंदा मुलांचा बाजार भरवायचा आहे, आणि मी कसं केलं ते लिहून पाठव. आमच्याकडे त्याला सगळे 'मक्कळ संते'च म्हणतात, अगदी मराठी वर्गातली मुलंसुद्धा. सगळं सांगत बसत नाही. आठवीतल्या सहा मुलांच्या भेळेच्या गाड्याचंच सांगतो, कारण शिकण्यासारखं सगळं तिथेच घडलं.

मुलांचा पहिला हिशेब असा होता: चिरमुरे आणि शेव मिळून प्लेटला आठ रुपये पडतात, दहाला विकायची, दोन रुपये सुटले. मी चूक दाखवली नाही. एवढंच म्हणालो, "एक प्लेट इथे माझ्यासमोर तयार करा आणि हात लागेल ती प्रत्येक वस्तू वहीत लिहा." मग कांदा आला, लिंबू आलं, चिंचगुळाची चटणी आली, खालची कागदी प्लेट आली. साठ प्लेटांचा अंदाज धरला: दोन किलो चिरमुरे 160, दीड किलो शेव 300, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर-लिंबू 140, चटणी 90, प्लेटा-चमचे 90. एकूण 780, म्हणजे प्लेटला 13. घरून आणलेला गूळही बाजारभावाने धरायला लावला. आईने दिला म्हणून तो फुकट होत नाही, हे पटवायला बराच वेळ गेला, पण तो वेळ तूही दे.

त्याशिवाय जागेचे 100, फलकाचे 80, रविवार पेठेतून सामान आणायचं रिक्षाभाडं 60. हे 240 रुपये एकही प्लेट विकली नाही तरी जाणार. मुलांनी वहीत त्यासाठी वेगळं पान केलं. भाव ठरला 20. प्लेटमागे सात रुपये उरतात, 240 ला सातने भागलं, पस्तिसाव्या प्लेटला खर्च निघतो. पुस्तकात गणित इथेच संपतं.

पण एका मुलीने विचारलं, "सर, पस्तीसच विकल्या तर उरलेला कांदा कोण परत घेणार?" मी फळ्यावर पुन्हा लिहिलं. सामान सगळं आधीच आणलेलं, म्हणजे 1020 रुपये खिशातून गेलेले. ते 20 च्या भावाने परत यायचे तर 51 प्लेटा विकायला हव्यात. पस्तीस आणि एक्कावन्न यांतला फरक म्हणजे वाया जाऊ शकणारा माल. यावर मुलांनीच दोन उपाय काढले. शेव पाव किलोच्या आणि चिरमुरे अर्ध्या किलोच्या पाकिटांत घ्यायचे, न फोडलेलं पाकीट परत घेईन असं दुकानदाराकडून आधीच कबूल करून घ्यायचं, आणि कांदा एका वेळी दहा प्लेटांपुरताच चिरायचा.

बाजाराच्या दिवशी अकरा वाजता शेजारच्या गाड्याने भेळ पंधराला लावली. आमची मुलं घाबरली, आपणही उतरू म्हणाली. मी वही उघडायला सांगितली. पंधराला साठच्या साठ विकल्या तरी 900 येतात, खर्च 1020. भाव तसाच ठेवून त्यांनी कैरीची फोड वर ठेवायला सुरुवात केली. कैऱ्या एकाच्या दारच्या झाडाच्या होत्या, आणि गुळासारखाच त्यांचाही भाव धरायला हवा होता. तो राहून गेला. ती चूक माझी, मी वेळीच थांबवलं नाही.

चार वाजता गर्दी सरली तेव्हा चार प्लेटांचा चिरलेला माल उरला होता. तेव्हा मीच म्हणालो, आता दहाला द्या. सकाळी भाव उतरवणं चूक होतं आणि आता बरोबर, हे दोघातिघांना पचेना. पण कांद्याचे पैसे सकाळीच गेलेले. आता प्रश्न एवढाच होता की दहा रुपये घ्यायचे की टाकून द्यायचं.

शेवटचा हिशेब: 46 प्लेटा वीसला, चार दहाला, गल्ला 960. चिरमुऱ्यांचं आणि शेवेचं एकेक पाकीट परत गेलं, त्याचे 90 आले, म्हणून खर्च 930. नफा तीस रुपये. पाकिटं परत गेली नसती तर साठ रुपयांचा तोटा होता.

तीस रुपये, सहा जण, वाट्याला पाच. कुणी बोलेना. मग कांद्याचा प्रश्न विचारणारी तीच मुलगी म्हणाली, "सर, आमची मजुरी कुठे लिहिली?" तिच्या घरी माग आहे. ती सांगत होती की बाबा साडीचा हिशेब घालतात तेव्हा सूत, वीज, रंग सगळं लिहितात, स्वतःचे तास कधीच लिहीत नाहीत. वर्गात बऱ्याच मुलांच्या घरी माग आहेत. ती सगळी मान वर करून बघत होती. मी मजुरीसाठी तिसरं पान करायला लावलं, आणि त्या सहा जणांचे तास मोजून होईपर्यंत घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी ती बाबांचा हिशेब उतरवून घेऊन आली. त्यावर आम्ही अजून काम करतोय. तुझ्या शाळेत वह्या पहिल्या दिवसापासून तीन पानी कर, माझ्यासारखी बाजार संपायची वाट पाहू नकोस.

घरी सगळ्यांना नमस्कार. दिवाळीत ये.

तुझा,
वडगावचा मास्तर