नंद्या, तुझंच खरं होतं

प्रिय नंद्या,

आठ महिने पत्र नाही, शिव्या घालायच्या तेवढ्या घाल. तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, ते सोड.

काल एक छातीची फिल्म आली. ४२ वर्षांचा माणूस, चालताना दम लागतो, कोरडा खोकला. दोन्ही फुप्फुसांत बाजरी सांडल्यासारखे बारीक ठिपके. हात सवयीने ‘मिलिअरी टीबी’ लिहायला निघाला आणि तुझं वॉर्डातलं ओरडणं आठवलं, “अरे, आधी त्याला काम विचार!” त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. सरांनी तुझी बाजू घेतली याचाच मला जास्त राग होता, हे आज कबूल करतो. फार फुगू नकोस.

कागदावर नुसतं ‘मजुरी’. विचारलं तर १६ वर्षं दगडखाणीत, ड्रिलवर. पाणी न सोडता, कोरडीच भोकं पाडायची. “तोंडाला फडकं बांधतो की,” म्हणाला. खोलवर जाऊन बसणारी सिलिकाची धूळ डोळ्यांनाही दिसत नाही, ती फडक्याला काय जुमानणार!

मग फिल्म परत लावली. ठिपके दोन-तीन मिलिमीटरचे, वर आणि मध्ये दाट, खाली विरळ. मिलिअरीत ते सगळीकडे सारखे पसरतात. मुळाशी असलेल्या गाठींच्या फक्त कडेला चुना धरलेला, अंड्याचं टरफल असावं तसा. ताप नाही, वजन उतरलेलं नाही. तेवढ्यात बायकोने पिशवीतून दुमडल्या कोपऱ्यांची जुनी फिल्म काढली. दोन वर्षांपूर्वीची. तेच ठिपके, जरा कमी. मधल्या काळात त्याने सहा महिने टीबीच्या गोळ्या इमानाने खाल्ल्या होत्या. टीबी असता तर ठिपके विरायला हवे होते. हे वाढलेत.

नंद्या, त्या जुन्या रिपोर्टवर सही माझी आहे.

हा सिलिकोसिस, असं आता लिहिलंय. तरी थुंकी तपासायला पाठवलीच. धूळ गिळणाऱ्या पेशी त्या धुळीनेच मरतात, मग टीबीला रान मोकळं. म्हणजे तेव्हा माझं चुकलं म्हणून उद्या त्याला टीबी होणार नाही असं थोडंच आहे? पहिला नमुना निगेटिव्ह आला.

“मग आता गोळी कुठली?” त्याने विचारलं. ते व्रण पुसणारी गोळी नाही. धूळ सोड म्हटलं, पण सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो, हे सांगताना जीभ अडखळली. दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर तेवढी धूळ तरी कमी गेली असती.

चिमीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार सांग. तुझ्या बदलीचं काय झालं तेही कळव.

दोन्ही फिल्मचे फोटो पाठवतोय. नव्या फिल्मवर उजवीकडे, वरच्या भागात, दोन-तीन ठिपके एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. गोळा सेंटिमीटरच्या वर गेला तर प्रकरण वेगळं, म्हणून तू बघ. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झालाय. गुरुवारी त्याचा धाकटा भाऊ येतोय. सहा वर्षं त्याच खाणीत, ड्रिलवर. त्याच्या आधी उत्तर दे.

तुझा,
बाळ्या