निरोपाच्या उपदेशाबद्दल आमच्या निवृत्त पाळकसाहेबांस आभारपत्र

आदरणीय पाळकसाहेब यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

आपण ज्या मंडळीची तीन दशकांहून अधिक काळ सेवा केली, त्या मंडळीचा पाळक म्हणून हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे. आपल्या सत्काराच्या संध्याकाळी शाल, हार आणि भाषणे झालीच. त्यांत माझे आभार मिसळून गेले असते आणि नेमके कशाबद्दल आभार मानायचे ते राहूनच गेले असते. मला आभार मानायचे आहेत ते आपण व्यासपीठावरून केलेल्या शेवटच्या उपदेशाचे, कारण तो उपदेश मंडळीसाठी जितका होता तितकाच, माझे नाव एकदाच घेऊनही, माझ्यासाठी होता.

आपली मंडळी कोणत्याही मोठ्या धर्मप्रांताच्या बदल्यांच्या यादीत नाही. जिथे ठरावीक वर्षांनी पाळक बदलतो, तिथे लोकांना निरोपाची सवय असते आणि नव्या माणसालाही आपण काही काळाचेच आहोत हे ठाऊक असते. इथे मात्र ज्यांचे बाप्तिस्मे आपण केले, त्यांचीच लग्ने आपण लावली आणि पुढे त्यांच्या लेकरांचे बाप्तिस्मेही आपल्याच हातून झाले. अशा ठिकाणी निरोपाचा उपदेश म्हणजे आठवणींची उजळणी होण्याचा धोका फार मोठा असतो. लोक रडतात, पाळकही रडतो, आणि पुढच्या रविवारी नवा माणूस उभा राहिला की सगळ्यांना तो परका वाटतो. आपण तसे होऊ दिले नाही. ते कसे साधले, याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला आहे.

आपण आधी सत्कार आणि उपदेश वेगळे केले. सत्कार शनिवारी ठेवायला लावला आणि रविवारची उपासना नेहमीच्याच क्रमाने चालवली: तीच गीते, तेच अर्पण, तितक्याच वेळाचा उपदेश. सत्काराला उत्तर म्हणून केलेला उपदेश हा उपदेश राहत नाही, ते आभाराचे भाषण होते, असे आपण कमिटीला सांगितल्याचे मला नंतर कळले. शिवाय हा उपदेश आपण शेवटच्या रविवारी न करता त्याच्या आदल्या रविवारी केला. शेवटच्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी मी चालवला आणि आपण पाळकीणबाईंच्या शेजारी, तिसऱ्या बाकावर बसलात. त्या दिवशी भाकर आपण माझ्या हातून घेतलीत. माझ्या नेमणुकीच्या पत्राने जे झाले नव्हते ते तेवढ्याने झाले, असे मला आजही वाटते.

वचनाची निवड हा तर स्वतंत्र विषय आहे. अशा प्रसंगी बहुतेक जण प्रेषितांच्या कृत्यांचा २०वा अध्याय उघडतात. पौल यरुशलेमेला जाण्याच्या घाईत आहे, पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत त्याला तिथे पोहोचायचे आहे, म्हणून तो इफिसात न थांबता मिलेतला उतरतो आणि इफिसच्या वडिलांना तिथे बोलावून घेतो. तीन वर्षे रात्रंदिवस केलेल्या सेवेची तो आठवण देतो, कोणाच्याही रुप्याचा, सोन्याचा किंवा वस्त्राचा आपण लोभ धरला नाही असे सांगतो आणि स्वतःच्या गरजा भागवणारे हात पुढे करतो. मग सगळे त्याच्या गळ्यात पडून रडतात आणि त्याला तारवापर्यंत पोहोचवतात. हा उतारा आपणही वाचला, पण पाचच मिनिटांत बाजूला ठेवून आपण म्हणालात, की पौलाला जे म्हणता आले ते मला म्हणता येत नाही. माझे तोंड तुम्हाला पुन्हा दिसणार नाही असे पौल म्हणाला. माझे घर तर चर्चपासून दोन गल्ल्यांवर आहे, आणि माझे तोंड तुम्हाला बाजाराच्या दिवशीही दिसणार आहे. मंडळी हसली, आणि तेवढ्यात आपण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा १२वा अध्याय उघडलात.

शमुवेलाचा निरोप आपल्याकडे क्वचितच वाचला जातो. तो म्हातारा झाला आहे, केस पिकले आहेत, आणि लोकांना आता राजा मिळाला आहे. तो सगळ्यांसमोर उभा राहून विचारतो: मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला लुबाडले, कोणाच्या हातून लाच घेऊन डोळेझाक केली? सांगा, म्हणजे मी ते परत करीन. लोक म्हणतात, आपण आमचे काहीच घेतले नाही, आणि मग परमेश्वराला व नव्या राजाला साक्षी ठेवले जाते. हिशेब साक्षीदारांसमोर आणि उत्तराधिकारी हजर असताना मिटवला जातो, यावर आपण बोट ठेवले. त्यानंतर बांधकाम निधीचे, दफनभूमीच्या कुंपणाचे आणि गरीब विद्यार्थ्यांच्या फीचे हिशेब आपण खजिनदारांकडून तपासून घेऊन सूचनाफलकावर लावल्याचे सांगितले, आणि ज्याला काही विचारायचे असेल त्याने मी पाळक असतानाच, म्हणजे त्याच आठवड्यात, विचारावे असेही सांगितले. दोघांनी विचारले. त्यांतला एक प्रश्न अवघड होता. त्याचे उत्तर आपण कमिटीपुढे लेखी दिले, आणि तो कागद आज माझ्या कपाटात आहे. पुढे तोच प्रश्न माझ्याकडे कुजबुजीच्या रूपाने आला, तेव्हा मला फक्त कपाट उघडावे लागले.

पण माझ्या दृष्टीने खरा उपदेश इथून पुढे सुरू झाला. आपण १२व्या अध्यायावर थांबला नाहीत, १३वाही वाचलात. ज्या गिलगालात शमुवेलाने निरोप घेतला, त्याच गिलगालात नवा राजा शौल सात दिवस त्याची वाट पाहत बसला आहे. समोर पलिष्ट्यांची फौज आहे, स्वतःची माणसे पांगू लागली आहेत, शमुवेल येत नाही, आणि अखेर शौल स्वतःच होमबली अर्पण करतो. तो उरकतो न उरकतो तोच शमुवेल हजर होतो आणि त्याला धारेवर धरतो. शौलाचा दोष आपण झाकला नाहीत. शमुवेल संदेष्टा होता, त्याला तसा अधिकार होता आणि तो खऱ्या अर्थाने निवृत्त झालाच नव्हता, हेही स्पष्ट केलेत. तरीही आपण म्हणालात, की मी संदेष्टा नाही, मी निवृत्त होणारा पाळक आहे. माझ्या येण्याची वाट पाहत माझ्यानंतरच्या माणसाने सात दिवस काढावेत असे मी होऊ देणार नाही. माझे नाव आपण घेतले ते इथेच.

आणि मग, उपदेशात सहसा कोणी आणत नाही अशी व्यवहाराची बाब आपण आणलीत. पश्चिमेकडच्या पुष्कळ मंडळ्यांत निवृत्त पाळकाने निदान वर्षभर आपल्या जुन्या मंडळीत यायचे नाही असा संकेत आहे; आपल्या गावात ते शक्य नाही, म्हणून आपण स्वतःच नियम घालून घेतला. लग्न, बाप्तिस्मा आणि दफन यांसाठी कोणी आपल्याकडे आले तर आपण त्यांना माझ्याकडे पाठवाल. मी बोलावले तरच याल, आणि आलात तरी एखादी प्रार्थना करून बसाल. कोणी माझ्याविषयी गाऱ्हाणे घेऊन आले तर चहा पाजाल, पण गाऱ्हाणे ऐकणार नाही. दफनाविषयी बोलताना मात्र आपला आवाज बदलला. ज्यांच्याबरोबर आपण म्हातारे झालात, त्यांच्या दफनाला आपण लोकांच्या रांगेत उभे राहाल, कबरेच्या डोक्याशी नाही, असे आपण सांगितले, आणि पहिल्या दोन बाकांवरच्या म्हाताऱ्या माणसांनी खाली पाहिले. एवढे स्पष्ट बोलणे कठोर आहे असे तेव्हा मला वाटले होते. आता तसे वाटत नाही.

उपदेशाचा पहिला मसुदा आपण मला पुढे वाचायला दिला, याबद्दलही मी ऋणी आहे. त्यातले सबंध एक पान तिरप्या रेघेने खोडलेले आहे. लाऊडस्पीकर आणि उपासनेची वेळ यांवरून मंडळीत पूर्वी दोन तट पडले होते, त्याविषयीचे ते पान होते आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. समासात आपण लिहिले आहे: ‘एडवर्ड्स आठवा.’ पाळक जोनाथन एडवर्ड्सला अमेरिकेतल्या नॉर्थहॅम्प्टनच्या मंडळीने तेवीस वर्षांच्या सेवेनंतर, प्रभुभोजनाला कोणाला घ्यावे या वादावरून, काढून टाकले. १ जुलै १७५० रोजी त्याने निरोपाचा उपदेश केला आणि त्याचा भर यावर होता, की पाळक आणि मंडळी न्यायाच्या दिवशी पुन्हा एकमेकांसमोर उभी राहणार आहेत. तो उपदेश थोर आहे, पण तो खटला न मिटलेल्या माणसाचा उपदेश आहे. विशेष म्हणजे दुसरा पाळक मिळेना म्हणून त्यानंतरही काही महिने त्याच मंडळीने त्याला अधूनमधून व्यासपीठावर उभे केले. ज्याला उत्तर द्यायची कोणाला सोय नाही अशा जागेवरून जुना वाद उकरू नये, असे आपण मला तोंडी सांगितले. ते पान वाचले गेले असते, तर त्या दोन तटांपैकी एका तटाचा पाळक म्हणून मला सुरुवात करावी लागली असती.

आभारांच्या भागात आपण एकाही हयात माणसाचे नाव घेतले नाही. याबद्दल काही जण नाराज झाले, आणि ते मी आपल्यापासून लपवत नाही. पण आपण कामांची नावे घेतलीत: पहाटे चर्चची फरशी पुसणारे हात, प्रभुभोजनाचे पेले धुणारे हात, गीत कोणत्या पट्टीत धरायचे ते पेटीवर हळूच दाखवणारे बोट. दहा नावे घेतली असती तर अकरावा दुखावला असता. कामे सांगितल्यामुळे ज्याचे त्याला कळले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. अजूनही नव्या बाळाचे नाव ठरवायला लोक आधी आपल्या ओट्यावर जातात, आणि एका कुटुंबाने मुलीचे लग्न आपणच लावावे म्हणून महिनाभर अबोला धरला. आपण त्यांना प्रत्येक वेळी माझ्याकडे पाठवलेत, आणि शेवटी मुलीचे वडील चिडलेले का होईनात, माझ्या दारात आले. ते लग्न ठरले आहे.

तेव्हा आपल्याच नियमाप्रमाणे मी आपल्याला बोलावतो. त्या लग्नाचा विधी मी चालवीन आणि नोंदवहीवर सही माझी असेल. वधूवरांसाठीची प्रार्थना आपण करावी, अशी माझी आणि दोन्ही घरांची विनंती आहे. तारीख आणि वेळ कळवायला मी उद्या संध्याकाळी घरी येतो. पाळकीणबाईंना सलाम सांगावा.

आपला नम्र,
मंडळीचा पाळक