‘आङ’ कुणाच्या पुढे बसतो

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. जहाजावरच्या फिलिपिनो मंडळींशी त्यांच्या तागालोगमध्ये बोलायचं तू मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. तू लिहिलं आहेस की ‘तू काय विकत घेतलंस?’ हे विचारायला तू ‘आनो आङ बुमिली मो?’ म्हणतोस, समोरच्याला कळतंही, पण तो लगेच ‘आनो आङ बिनिली मो?’ असं दुरुस्त करतो. दोन्हीत ‘बिली’ हाच धातू, दोन्हीचा अर्थ ‘विकत घेतलं’, मग चूक कुठे? चूक एका अक्षराएवढी दिसते, पण तागालोगचं सगळं वाक्य त्याच अक्षरावर तोललेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तीन छोटे शब्द पक्के कर. ‘आङ’, ‘नाङ’ आणि ‘सा’. हे नामाच्या आधी येतात, आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे मागे लागत नाहीत. वाक्यातल्या ज्या नामावर क्रियापदाचा रोख असतो, त्याच्या आधी ‘आङ’. ज्याच्यावर रोख नाही असा कर्ता किंवा असं कर्म असेल, तर त्याच्या आधी ‘नाङ’. जागा, दिशा, ज्याला द्यायचं तो माणूस, यांच्या आधी ‘सा’. माणसाचं नाव असेल तर हेच तिघं ‘सी’, ‘नी’, ‘काय’ होतात. (‘नाङ’ लिहिताना एन आणि जी अशी दोनच अक्षरं असतात, मधला स्वर लिहीत नाहीत. त्यामुळे वाचताना तू अडखळला असशील.)

आता एकच प्रसंग घे. बाईने बाजारात मासा घेतला.

‘बुमिली आङ बाबाए नाङ इस्दा सा पालेङ्के.’
‘बिनिली नाङ बाबाए आङ इस्दा सा पालेङ्के.’

क्रियापद आधी, मग बाई, मग मासा, मग बाजार. क्रम तोच आहे. बदललं काय? पहिल्यात ‘बिली’च्या ‘ब’नंतर ‘उम’ घुसलं आणि ‘आङ’ बाईपुढे गेला. दुसऱ्यात ‘ब’नंतर ‘इन’ घुसलं आणि ‘आङ’ माशापुढे आला. ‘उम’ सांगतं की ज्याच्यापुढे ‘आङ’ आहे तो घेणारा. ‘इन’ सांगतं की ज्याच्यापुढे ‘आङ’ आहे ते घेतलेलं. म्हणजे ‘आङ’ फक्त बोट दाखवतो. बोट दाखवलेल्याची भूमिका काय, हे क्रियापदातला प्रत्यय सांगतो. दोघांची जोडी जुळली नाही की वाक्य मोडतं. इंग्रजी पुस्तकांत याला ॲक्टर फोकस आणि ऑब्जेक्ट फोकस म्हणतात. आपण कर्त्यावर रोख आणि कर्मावर रोख म्हणू.

आता तुझं वाक्य. ‘आनो’चा अर्थ ‘काय’. ‘आङ बिनिली मो’ म्हणजे ‘तू घेतलेलं ते’. पूर्ण प्रश्न खरं तर असा: ‘तू घेतलेलं ते काय?’ आणि ‘आङ बुमिली’ म्हणजे ‘घेणारा तो’. तुझ्या वाक्याचा सांगाडा ‘तू घेणारा तो काय?’ असा होतो. मराठीत आपण ‘मासा घेणारी बाई’ म्हणतो आणि ‘बाईने घेतलेला मासा’ म्हणतो, पण ‘बाईने घेणारा मासा’ कुणी म्हटलं तर कान टवकारतो ना? त्यांचा कान तुझ्या वाक्याला तसाच टवकारतो. त्यांच्याकडे ती दोन रूपं अशी: ‘बाबाएङ बुमिली नाङ इस्दा’, मासा घेणारी बाई, आणि ‘इस्दाङ बिनिली नाङ बाबाए’, बाईने घेतलेला मासा. (बाबाए आणि इस्दा यांच्या शेवटचा ‘ङ’ हा नुसता जोडणारा टाका आहे.) ‘कोण’ विचारायचं असेल तर मात्र ‘सिनो आङ बुमिली नाङ इस्दा?’ हेच बरोबर. नियम असा लक्षात ठेव: ज्याच्याबद्दल ‘कोण’ किंवा ‘काय’ विचारायचं, किंवा ज्याला विशेषण म्हणून अख्खं वाक्य जोडायचं, त्याच्यावरच क्रियापदाचा रोख हवा. तुझ्या पत्रातल्या वाक्यांत सर्वांत जास्त चुका इथेच आहेत.

साध्या, प्रश्न नसलेल्या वाक्यात मग कुठलं रूप निवडायचं? इथे बहुतेक जण फसतात, कारण त्यांना ‘बुमिली’ हे सरळ वाक्य आणि ‘बिनिली’ हे फिरवलेलं, कर्मणी वाक्य वाटतं. लिओनार्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने 1917 साली तागालोगचं वर्णन छापलं, तेव्हा त्यानेही या रूपांना कर्मणीच म्हटलं होतं. पण इंग्रजीच्या कर्मणीत कर्ता बाजूला पडतो, बऱ्याचदा गायबच होतो. तागालोगच्या ‘बिनिली’त बाई कुठेही जात नाही. त्यापेक्षा आपला कर्मणी प्रयोग आठव. ‘आई मासे आणते’ आणि ‘आईने मासे आणले’. दुसऱ्यात क्रियापद माशांच्या मागे जातं, तरी आई तितकीच ठाम उभी असते. फरक एवढाच की आपल्याकडे काळ ठरवतो, बोलणाऱ्याला निवड नाही. त्यांच्याकडे कुठल्याही काळात बोलणारा निवडतो.

आणि निवडतो तो मुख्यतः एका गोष्टीवरून: कर्म ठरलेलं, दोघांना माहीत असलेलं आहे का? ‘कुमाइन सिया नाङ इस्दा’ म्हणजे त्याने मासा खाल्ला, कुठला तरी, थोडासा. ‘किनाइन निया आङ इस्दा’ म्हणजे तो मासा खाल्ला, आपण ठेवला होता तोच. डब्यातला तुझा मासा नाहीसा झाला आणि तू पहिलं वाक्य म्हटलंस, तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्याच्या जेवणात मासे होते, एवढंच तू सांगतो आहेस. म्हणून ‘हा’, ‘तो’, ‘माझा’, ‘कालचा’ असं काही मनात असेल तर कर्मावर रोख ठेव. रोजच्या बोलण्यात अशा ठरलेल्या वस्तूच जास्त येतात, म्हणून तुझ्या कानावर ‘इन’वाली रूपं जास्त पडतात. अपवाद एक, आणि तो वरच्या नियमातूनच निघतो: ‘सिनो आङ कुमाइन नाङ इस्दा?’ यात मासा ठरलेलाही असू शकतो. ‘कोण’ विचारलं की रोख कर्त्यावरच ठेवावा लागतो, मग माशाला ‘आङ’ मिळायची सोयच राहत नाही.

आज्ञा देतानाही हेच. ‘बुमिली का नाङ इस्दा’, मासे घेऊन ये. ‘बिल्हिन मो आङ इस्दा’, तो मासा घे. ‘तू’ एकदा ‘का’ आणि एकदा ‘मो’ झाला, कारण सर्वनामांचीही आङ-गटाची आणि नाङ-गटाची रूपं वेगळी आहेत: मी ‘आको’ आणि ‘को’, तू ‘का’ आणि ‘मो’, तो किंवा ती ‘सिया’ आणि ‘निया’. सर्वनामापुढे वेगळा ‘आङ’ किंवा ‘नाङ’ लावायचा नाही. मी कर्ता आणि तुझ्यावर रोख असेल तर ‘को’ आणि ‘का’ मिळून ‘किता’ होतो: ‘तिनावाग किता’, मी तुला हाक मारली.

‘बिल्हिन’ बघून गोंधळू नकोस. कर्मावरचा ‘इन’ मुळात शब्दाच्या शेवटी लागतो. काम पूर्ण झालं किंवा चालू असलं, की तो शेवटून उठून पहिल्या व्यंजनानंतर जाऊन बसतो. आणि काम चालू असलं किंवा व्हायचं असलं, की धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं. खाण्याचा ‘काइन’ घे: ‘काइनिन’ मूळ रूप, ‘किनाइन’ खाल्लं, ‘किनाकाइन’ खाल्लं जातंय, ‘काकाइनिन’ खायचंय. कर्त्यावर रोख असताना ‘कुमाइन’, ‘कुमाकाइन’, ‘काकाइन’; इथे मूळ रूप आणि पूर्ण झालेलं रूप एकच. ‘बिली’ स्वरान्त असल्यामुळे ‘इन’च्या आधी ‘ह’ येतो आणि त्याच्या आधीचा ‘इ’ गळतो. तो ‘इ’ तसाच ठेवून ‘बिलिहिन’ म्हटलंस, तर ते क्रियापद न राहता ‘विकत घ्यायचा माल’ असं नाम होतं.

कर्ता आणि कर्म यांच्यापलीकडेही रोख सरकतो, हे देण्याच्या ‘बिगाय’वरून छान दिसतं. गुरुजींनी मुलाला पुस्तक दिलं:

‘नागबिगाय आङ गुरो नाङ लिब्रो सा बाता.’
‘इबिनिगाय नाङ गुरो आङ लिब्रो सा बाता.’
‘बिनिग्यान नाङ गुरो नाङ लिब्रो आङ बाता.’

पहिल्यात रोख देणाऱ्यावर, दुसऱ्यात पुस्तकावर, तिसऱ्यात मुलावर. तिसऱ्यात दोन ‘नाङ’ आले, एक देणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. देणारा आधी येतो. आता दोन गोष्टी टिपून घे. इथे कर्त्यासाठी ‘उम’ नाही, ‘माग’ आहे, आणि पूर्ण झाल्यावर त्याचा ‘नाग’ होतो. आणि दिलेल्या वस्तूसाठी ‘इन’ नाही, आधी लागणारा ‘इ’ आहे. साधारणपणे कर्त्यापासून दूर जाणाऱ्या वस्तूला ‘इ’ लागतो, आणि जिच्या पृष्ठभागावर काम होतं किंवा जिच्याकडे काही जातं तिला शेवटी ‘आन’. भांडी धुणं म्हणूनच ‘हुगासान’: ‘हुगासान मो आङ प्लातो’, त्या बशा धू. तू ‘हुगासिन’ म्हणत असशील तर सोड.

हा अंदाज नेहमी चालत नाही, म्हणून धातू एकटा पाठ करू नकोस. वहीत प्रत्येक धातूपुढे कर्त्याचं रूप, वस्तूचं रूप, आणि असेल तर माणसाचं किंवा जागेचं रूप एका ओळीत लिही, प्रत्येकाचं एक वाक्य दे आणि त्यातल्या ‘आङ’खाली रेघ ओढ. ‘बिली’च्या ओळीत ‘बिनिल्हान’ही येईल. त्याचा अर्थ ‘जिच्याकडून घेतलं’ असाही होतो आणि ‘जिच्यासाठी घेतलं’ असाही. ‘बिनिल्हान किता नाङ रेगालो’ हे तुला कुणी म्हटलं, तर त्याने तुझ्यासाठी भेटवस्तू घेतली आहे. ‘साठी’चं वेगळं रूप ‘इबिनिली’ आहे, पण बोलताना ‘बिनिल्हान’च खूप ऐकू येतं.

तुझ्या सोबत्यांपैकी काही विसायस बेटांकडचे असतील आणि घरी सेबुआनो बोलत असतील. त्यांचे प्रत्यय वेगळे आहेत, रोख सरकवायची रीत मात्र हीच. त्यांची रूपं तागालोगच्या ओळीत मिसळू नकोस.

आणि मोबाइलवर त्यांचे मेसेज वाचत असशील तर ‘तिनेक्स्ट को सिया’ हे तुला दिसेलच. ‘टेक्स्ट’ हा इंग्रजी शब्द, त्याच्या पहिल्या व्यंजनानंतर ‘इन’ घातला, ‘को’ म्हणजे मी, रोख ‘सिया’वर: मी त्याला मेसेज केला. कर्त्यावर रोख हवा असेल तर ‘नाग-टेक्स्ट आको सा कानिया’. तिथे ‘को’चा ‘आको’ झाला आणि ‘सिया’चा ‘सा कानिया’. तुमच्या जहाजावर रोज कानी पडणारे पाच धातू निवड, त्यांच्या अशा ओळी भरून पाठव. मी तपासून परत धाडतो.

तुझा,
मिलिंद