विषय : टेस्टिंग पॅनलच्या पुस्तिकेत ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्टच्या बाजू उलट छापल्याबद्दल

कुपवाड एमआयडीसी, सांगली
दि. १२ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या वर्कशॉपमध्ये ११ केव्हीचे डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होतात. २५, ६३ आणि १०० केव्हीएचे, म्हणजे गावाकडे ज्याला डीपी म्हणतात ते. एप्रिलमध्ये आम्ही आपल्याकडून थ्री फेज टेस्टिंग पॅनल घेतला. त्यात ० ते ४७० व्होल्ट, १० अँपियरचा डिमर, व्होल्टमीटर, अँमीटर आणि वॅटमीटर आहेत. पॅनलच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या पुस्तिकेतल्या दोन आकृत्यांबद्दल आणि पॅनलवर चिकटवलेल्या दोन पट्ट्यांबद्दल. शॉर्ट सर्किट टेस्टसाठी सप्लाय एलव्हीला द्या आणि ओपन सर्किटसाठी एचव्हीला द्या, असं दोन्हीकडे छापलं आहे. हे नेमकं उलटं आहे.

पॅनल चालू करून द्यायला आपले तंत्रज्ञ आले, तेव्हा नुकताच रिवाइंड केलेला १०० केव्हीए, ११०००/४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर समोर होता. त्यांनी पुस्तिका उघडून, आकृतीप्रमाणे एचव्हीचे तिन्ही बुशिंग वायरने शॉर्ट केले, डिमरच्या वायरी एलव्हीला जोडल्या आणि डिमर फिरवायला सुरुवात केली. व्होल्टमीटरची पट्टी ५०० व्होल्टची, त्यामुळे काटा जागचा हलेना. सप्लाय पोचत नाही असं वाटून त्यांनी डिमर आणखी थोडा फिरवला. अँमीटरचा काटा शेवटच्या खिळ्याला जाऊन टेकला, जळका वास आला आणि डिमरचे दोन ब्रश गेले. हे सगळं व्होल्टमीटर पाच व्होल्टसुद्धा दाखवायच्या आत झालं.

यात त्या मुलाचा दोष नाही, कारण तो आपल्याच कागदाप्रमाणे चालला होता. या ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स ४.५ टक्के आहे. एलव्हीचा फुल लोड करंट १३३ अँपियर, आणि तो वाहवायला एलव्हीला फक्त साडेएकोणीस व्होल्ट लागतात. दहा अँपियरच्या डिमरची मर्यादा दीड व्होल्टलाच संपते. पाच व्होल्टला ब्रशमधून ३४ अँपियर जातात. एमसीबी का पडला नाही, असं आपल्या कार्यालयातून मला फोनवर विचारलं गेलं. एमसीबी डिमरच्या इनपुटला आहे. डिमर ४१५ चे पाच व्होल्ट करतो, तेव्हा आउटपुटला ३४ अँपियर असले तरी इनपुटला अर्धा अँपियरही नसतो. त्या एमसीबीला काही घडतंय हे कळणंच शक्य नव्हतं. पाच व्होल्ट ५०० च्या पट्टीवर वाचता येत नाहीत आणि १३३ अँपियर १० च्या पट्टीत मावत नाहीत, म्हणजे त्या बाजूने ही टेस्ट आपल्या पॅनलवर होणारच नाही.

तीच टेस्ट एचव्हीला सप्लाय देऊन आणि एलव्ही शॉर्ट करून केली की सगळं मीटरच्या पट्टीत बसतं. एचव्हीचा फुल लोड करंट ५.२५ अँपियर आणि त्याला लागणारं व्होल्टेज ४९५. ब्रश बदलल्यावर आम्ही तशी टेस्ट घेतली. डिमर पूर्ण फिरवून ४७० व्होल्टला ४.९८ अँपियर आले आणि वॅटमीटरवर १,३७० वॅट. फुल लोडला थोडा कमी पडला, पण इथे चालतं, कारण तांब्याचा लॉस करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५.२५ ला ४.९८ ने भागून वर्ग केला की १.११ येतात, म्हणजे फुल लोडला सुमारे १,५२० वॅट. पुढे तापमानाची दुरुस्ती वेगळी करायची.

फोनवर आपल्या साहेबांनी मला सांगितलं की थिअरीप्रमाणे दोन्ही बाजूंनी लॉस सारखाच येतो, त्यामुळे पुस्तिका चूक नाही. पहिलं वाक्य बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे मी स्वतः वेढे मोजून सांगू शकतो. या ट्रान्सफॉर्मरच्या एलव्हीला एका फेजला ७० वेढे आहेत आणि एचव्हीला ३,०८०. एलव्ही स्टारमध्ये, म्हणून एका फेजला २५० व्होल्ट. एचव्ही डेल्टामध्ये, म्हणून ११,०००. दोन्हीकडे भागाकार केला तर दर वेढ्याला ३.५७ व्होल्टच येतात. कोअरला फक्त तेवढंच कळतं, सप्लाय कुठून आला ते कळत नाही, म्हणून कोअर लॉस दोन्हीकडून एकच. करंटचंही तसंच. एलव्हीचे १३३.३ अँपियर गुणिले ७० आणि एचव्हीच्या वाइंडिंगमधले ३.०३ गुणिले ३,०८० यांचा गुणाकार जवळपास एकच येतो. पण मग बाजू निवडायची कशावर? हाती असलेल्या सप्लायवर, मीटरच्या पट्टीवर आणि माणसाच्या जिवावर. पुस्तिका ज्याने लिहिली त्याने बहुधा असा विचार केला असावा की शॉर्ट सर्किट टेस्ट करंटची, म्हणून ती जास्त करंटच्या बाजूने, आणि ओपन सर्किट टेस्ट व्होल्टेजची, म्हणून ती जास्त व्होल्टेजच्या बाजूने. ऐकायला हे पटतं, आणि म्हणूनच ते घातक आहे.

शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये निदान ब्रश जळतो आणि चूक लगेच दिसते. ओपन सर्किट टेस्टमध्ये चूक दिसतच नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. त्याच ट्रान्सफॉर्मरला आकृतीप्रमाणे एलव्ही उघडी ठेवून एचव्हीला ४१५ व्होल्ट दिले गेले. वॅटमीटरचा काटा हललाच नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं : नो लोड लॉस नगण्य, ट्रान्सफॉर्मर उत्तम.

११,००० च्या वाइंडिंगला ४१५ दिले तर दर वेढ्याला ३.५७ ऐवजी ०.१३५ व्होल्ट मिळतो, म्हणजे फ्लक्स साधारण सव्वीसाव्या हिश्श्याचा. कोअर लॉस ढोबळमानाने फ्लक्सच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे सातशेवा हिस्सा. कोअर कितीही खराब असला तरी वॅटमीटरवर एक वॅटसुद्धा येणार नाही. पुस्तिकेत एचव्हीला रेटेड व्होल्टेज द्या असं लिहिलं आहे, पण ते ११ केव्ही आपला ४७० व्होल्टचा डिमर देणार कसा?

मला तो रिपोर्ट पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः एलव्हीला ४३३ व्होल्ट देऊन, एचव्ही उघडी ठेवून टेस्ट घेतली. करंट अडीच-तीन अँपियर आणि लॉस ४१० वॅट आला. या मापाच्या चांगल्या ट्रान्सफॉर्मरचा आम्ही २६० च्या आसपास बघतो. योक पुन्हा उघडला तेव्हा एका योक बोल्टवरची फायबरची नळी चिरलेली निघाली. बोल्ट स्टँपिंगला लागत होता आणि तिथून एडी करंट फिरत होता. नळी बदलून योक बांधल्यावर लॉस २७५ वर आला. रिपोर्टवर विश्वास ठेवला असता तर हा ट्रान्सफॉर्मर एखाद्या मळ्यातल्या खांबावर चढला असता, आणि बोल्टजवळ तापत राहून कधी ना कधी पुन्हा आमच्याच दारात आला असता, तोही शेतकऱ्याचं पाणी ऐन उन्हाळ्यात बंद पाडून.

इथे शॉर्ट सर्किटसारखी कमी मापावरून वर नेण्याची सोयही नाही. कोअरचं लोखंड सॅच्युरेशनच्या जवळ गेलं की लॉस आणि करंट साध्या हिशेबाने वाढत नाहीत, त्यामुळे पूर्ण ४३३ द्यावेच लागतात. शिवाय पॉवर फॅक्टर ०.१५-०.२० च्या आसपास असतो, म्हणून वॅटमीटर लो पॉवर फॅक्टरचा हवा. आपण तो दिला आहे, ते बरं केलंत.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. एलव्हीला ४३३ दिले की उघड्या एचव्ही बुशिंगवर पूर्ण ११,००० व्होल्ट उभे असतात. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. आमच्याकडे आयटीआयची दोन मुलं शिकायला असतात. बाजू उघडी ठेवली म्हणजे तिथे वीज नाही, असंच त्यांना पहिल्या दिवशी वाटत होतं. बुशिंगभोवती दोरी बांधून, मुलांना लांब उभं करून आणि सप्लाय देण्याआधी हाक मारूनच आम्ही ही टेस्ट घेतो. जो कोणी आपली आकृती चूक आहे हे स्वतः ओळखून बाजू बदलेल, त्याच्यासमोर हा धोका कुठल्याही सूचनेशिवाय उभा राहील.

आणखी एक. बाजू बदलताना शॉर्ट करायची वायरही बदलावी लागते. आकृतीत अडीच स्क्वेअर एमएमची वायर दाखवली आहे. एचव्हीला ती चालून जाते, पण एलव्ही शॉर्ट केली तर त्यातून १३३ अँपियर जाणार. तिथे तांब्याची जाड पट्टी, लग आणि पाना मारून घट्ट केलेले बोल्ट हवेत. प्रत्येक फेजला एका मिलिओहमचा खराब जोड असला तरी लॉसमध्ये ५३ वॅट फुकटचे मिसळतात आणि वाइंडिंग नसतानाही वाईट दिसतं. आम्ही सुरुवातीच्या काळात ही चूक केली आहे आणि चांगली कॉइल उगाच उघडली आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. ब्रश वॉरंटीत बदलून मिळायला हवे होते, पण ‘ग्राहकाने ओव्हरलोड केला’ असा शेरा मारून अर्ज नाकारला गेला. टेस्ट आपल्याच तंत्रज्ञाने, आपल्याच पुस्तिकेप्रमाणे घेतली होती, म्हणून तो शेरा मागे घ्यावा आणि बदललेल्या ब्रशचे पैसे परत करावेत. पॅनलवरच्या दोन्ही पट्ट्या आणि पुस्तिकेच्या आकृत्या दुरुस्त करून पाठवाव्यात. ओपन सर्किटच्या आकृतीवर एचव्ही बुशिंगवर ११ केव्ही असल्याची सूचना मराठीत, लाल अक्षरात असावी, आणि डिमरच्या आउटपुटला १० अँपियरचं संरक्षण बसवून मिळावं. हेच पॅनल ज्या ज्या वर्कशॉपना आणि कॉलेजांना गेले असतील त्यांना आपण स्वतःहून कळवावं. त्यांच्यापैकी कुणाचा ‘नो लोड लॉस नगण्य’ असा रिपोर्ट आज फाइलमध्ये पडून असेल, तर ती टेस्ट त्यांना पुन्हा घ्यावी लागेल.

दोन्ही टेस्टचे आमचे रीडिंग, जळलेल्या ब्रशचे फोटो आणि आपल्या तंत्रज्ञाच्या सहीचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं ही विनंती. तोपर्यंत पॅनलवरच्या दोन्ही पट्ट्यांवर मी पांढरा कागद चिकटवून हाताने बरोबर बाजू लिहिल्या आहेत.

आपला,
वर्कशॉप चालक