आमच्या हॉटेलातला नवा पोरगा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

मी इकडे मजेत आहे. धाकट्याला हॉटेलच्या कामासाठी इकडे यायचंय, पण इंग्रजीची धास्ती वाटते, असं बाबांनी लिहिलं होतं. त्याच्यासाठी आमच्याकडच्या एका पोराची गोष्ट सांगतो. सगळी माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे.

पोरगा आपल्यासारखाच, मराठी शाळेत शिकलेला. वेटर म्हणून नवा लागला तेव्हा मेन्यू त्याला तोंडपाठ होता, शब्दही बरेच येत होते. पण समोरच्याचं बोलणं कळलं नाही की मान डोलवून 'येस सर' म्हणायचा आणि किचनकडे सुटायचा. वेटरच्या कामात सगळ्यात महागात पडतं ते हेच. पाहुण्याला वाटतं, आपलं सांगणं पोचलं. घोटाळा कळतो तो थेट ताट समोर आल्यावर.

त्या सुमारास एक वयस्कर परदेशी पाहुणे मुक्कामाला होते. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हती, मोठेपणी शिकलेली. गर्दी ओसरली की ते नाश्त्याला येत. एकदा त्यांनी कांदा न घातलेलं ऑम्लेट मागितलं आणि 'येस सर' होऊन कांद्याचंच आलं. त्यांनी आवाज चढवला नाही, मलाही बोलावलं नाही. पोराला जवळ घेऊन हळू विचारलं, मी काय म्हणालो ते कळलं नव्हतं ना? पोराने मान हलवली. तेव्हा त्यांनी त्याला पहिलं वाक्य दिलं: 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' त्यातला 'सॉरी' कसा म्हणायचा तेही दाखवलं. सूर खाली गेला तर ती माफी वाटते, वर चढला तर आपण विचारतोय हे समोरच्याला लगेच कळतं.

दुसऱ्या दिवशी त्याहून कामाची गोष्ट. पुन्हा सांगा म्हटलं की माणूस अख्खं वाक्य पहिल्याच वेगाने, फक्त जरा मोठ्याने म्हणतो आणि आपण पुन्हा त्याच जागी अडतो. म्हणून जेवढं कळलं तेवढं आपण म्हणायचं आणि अडलेल्या जागी सूर चढता ठेवून थांबायचं. 'ऑम्लेट विदाउट...?' मग पाहुणा तेवढा एकच शब्द सांगतो, 'अनियन्स'. एकटा शब्द कानाला सुटा ऐकू येतो. हे मी इतकी वर्षं नकळत करत आलोय, पण असं उलगडून मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ते मुद्दाम पेपरात डोकं घालून ऑर्डर देत आणि शेवटचा शब्द पुटपुटत. पोराने सवयीने 'येस' म्हटलं की पेपर खाली ठेवून गप्प बसत, त्याला सुचेपर्यंत. चारचौघांत त्याची चूक कधी काढली नाही. एकदा पोरगा म्हणाला, 'यू वाँट कॉफी?' त्यावर त्यांचं उत्तर, 'वुड आय लाइक सम कॉफी? येस, प्लीज.' पोराने शेजारच्या टेबलावर जाऊन विचारलं, 'वुड यू लाइक सम कॉफी?' मी काउंटरपाशी उभा होतो, मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आकड्यांनी मात्र त्याला फार छळलं. बिल खोलीच्या नावावर टाकायचं असतं, आणि 'फिफ्टीन' ऐकून 'फिफ्टी' लिहिलं की ११५ नंबरचा खर्च १५० नंबरवर जातो. पाहुण्यांनी सांगितलं, 'फिफ्टीन'मध्ये जोर शेवटी असतो आणि 'टीन' लांबतं. 'फिफ्टी'मध्ये जोर सुरुवातीला, शेवट आखूड. पण पुढे दुसरा शब्द आला की हे बिनसतं. 'फिफ्टीन मिनिट्स' म्हणताना बरेच जण जोर सुरुवातीलाच देतात. म्हणून नुसत्या कानावर विसंबायचं नाही, एकेक आकडा सुटा करून विचारायचा: 'वन, वन, फाइव्ह?' पोराने हे सगळं ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानांवर देवनागरीत लिहून घेतलं, जोराच्या अक्षराखाली रेघ ओढून.

पाहुणे गेले त्याच आठवड्यात एक मोठं कुटुंब जेवायला आलं, सगळे एकाच वेळी बोलणारे. पोरगा मध्येच दोनदा थांबला, अडलेलं विचारलं, मग अख्खी ऑर्डर त्यांना वाचून दाखवली: 'सो, दॅट्स टू सूप्स, वन विदाउट क्रीम...' एका बाईंनी तिथल्या तिथे एक बदल सांगितला, त्याने खोडून लिहिला आणि मग किचनकडे गेला. एकही ताट परत आलं नाही.

बाबा, धाकट्याला रोज ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा: पुन्हा सांगा म्हणायचं, अर्धवट सोडून विचारायचं, आणि ऑर्डर वाचून दाखवायचं. रविवारी फोनवर मी गिऱ्हाईक होईन आणि मुद्दाम पुटपुटेन. त्याला म्हणावं, वही-पेन घेऊन बस.

आईने गुडघ्याचं औषध चुकवू नये.

तुमचा,
दादू